पुड्यावरची ‘ब्लूबेरी’ कॉफीत कुठून येते?

प्रश्न : मुलाने बेंगळुरूहून कॉफीचा पुडा पाठवला. पुढे ‘ब्लूबेरी, डार्क चॉकलेट, गूळ’ आणि खाली ‘नॅचरल’ असे लिहिले आहे, मागे घटकांत मात्र फक्त ‘अरेबिका कॉफी’. मग यात इसेन्स घातला आहे की नाही? नातीला शेंगदाणे चालत नाहीत आणि मागच्या पुड्यावर तर ‘नट्स’ लिहिले होते, म्हणून विचारते. शिवाय मी नेहमीसारखी दुधात करून प्यायले, तर ब्लूबेरी कुठेच लागली नाही.

उत्तर :

तुमच्या पुड्यात इसेन्स घातलेला नाही. पुढच्या बाजूचे ते तीन शब्द कॉफीत काय घातले आहे हे सांगत नाहीत, ती चाखणाऱ्या माणसाला कशाची आठवण झाली हे सांगतात. भाजलेल्या दाण्यांना बाहेरून वास लावला असेल तर तो मागच्या घटकांत लिहावाच लागतो, आणि तिथे ‘अरेबिका कॉफी’ एवढेच असेल तर दाणे आणि आच याखेरीज त्या पुड्यात काही नाही. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगते. मात्र हा प्रश्न मला आमच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा संशय असतो, म्हणून तो संशय कुठे खरा आहे आणि कुठे नाही हे नीट उलगडून सांगणे मला बरे वाटते.

मी सोलापुरात गेली अकरा वर्षे कॉफी भाजते. इथे चॉकलेटचा वास कॉफीत कसा येतो हे समजावण्यासाठी मला कॉफीचे उदाहरण द्यावे लागत नाही, शेंगाचटणीचे पुरते. चटणीसाठी शेंगदाणे घेतले की कच्च्या दाण्याला एक हिरवट, किंचित तुरट वास असतो आणि तोंडात टाकला तर तो वाटाण्याच्या नात्यातला लागतो. तोच दाणा मंद आचेवर खरपूस भाजला की घरभर जो वास सुटतो, तो कच्च्या दाण्यात नव्हताच. तो कोणी घातला? कोणीच नाही. दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी जुळले आणि त्यातून नवीन सुगंधी पदार्थ तयार झाले. भाकरीवरचे तांबूस ठिपके आणि खव्याचा खमंगपणा यांमागेही हीच क्रिया असते, आणि शास्त्रात तिला मेयार्ड क्रिया म्हणतात. तिच्यातून तयार होणाऱ्या पायराझीन गटातल्या पदार्थांना भाजल्याचा, दाण्याचा आणि कोकोसारखा वास असतो.

आता चॉकलेटकडे पाहा. कोकोच्या फळातल्या बिया आधी आंबवतात, मग वाळवतात आणि मग भाजतात. कॉफीची बीसुद्धा जवळजवळ त्याच वाटेने जाते. दोन्हींत साखर आहे, दोन्हींत अमिनो आम्ले आहेत आणि दोन्हींना आच मिळते, त्यामुळे दोन्हींत पायराझीन तयार होतात. मेथिलब्युटॅनाल नावाचे दोन जुळे पदार्थही दोन्हींत सापडतात आणि त्यांचा वास माल्टसारखा, चॉकलेटसारखा असतो. म्हणजे कॉफीत चॉकलेटचा भास होतो असे म्हणण्यापेक्षा, चॉकलेटला चॉकलेटचा वास देणारे काही पदार्थ कॉफीतही खरोखरच असतात, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. भाजलेल्या कॉफीत आजवर असे आठशेहून अधिक सुगंधी पदार्थ ओळखले गेले आहेत. त्यातले बहुतेक इतके थोडे असतात की एकेकटे जाणवतही नाहीत, आणि जे जाणवतात ते आपल्या ओळखीच्या एखाद्या वस्तूची आठवण करून देतात. गुळाचेही असेच आहे. कच्च्या अरेबिका दाण्यात वजनाच्या शेकडा 6 ते 9 इतकी साखर असते, भाजताना ती जवळजवळ सगळी जळते किंवा रूप बदलते आणि तिच्या जागी कॅरॅमल व काकवीच्या जातीचा वास उरतो. कपात गोडी म्हणून जे जाणवते त्यातला मोठा भाग नाकाला झालेली गोडीची आठवण असतो, कारण जिभेला पुरेल इतकी साखर त्या कपात उरलेलीच नसते.

हे खोटे वाटत असेल तर नाक चिमटीत धरून चिमूटभर जिरे चावून पाहा. जरासे कडवट आणि चरचरीत लागेल, पण ते जिरे आहे हे कळणार नाही. नाक सोडले की एका क्षणात जिरे ‘उगवते’. आपण ज्याला चव म्हणतो त्यातले आंबट, गोड, कडू, खारट असे मोजकेच काही जिभेचे असते, उरलेले घशामागून नाकात चढते. पुड्यावरचे शब्द या उरलेल्या भागाचे वर्णन असतात.

फळाची गोष्ट याहून रंजक आहे आणि तुमचा प्रश्न मुळात तिच्याचविषयी आहे. कॉफीचा दाणा ही एका लाल, गोड फळाची बी आहे हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते, कारण आपल्यापर्यंत ती तपकिरी होऊनच पोहोचते. चिकमगळूर किंवा कोडगूच्या मळ्यांत ही फळे साधारण नोव्हेंबरपासून तोडायला सुरुवात होते. तोडल्यावर बी बाहेर काढण्याच्या मुख्य दोन रीती आहेत. एका रीतीत यंत्राने साल-गर काढून टाकतात, उरलेला चिकट थर साधारण एक दिवस आंबवून सैल करतात आणि बिया पाण्याने धुऊन वाळवतात. या कॉफीला ‘वॉश्ड’ म्हणतात. दुसऱ्या रीतीत आख्खे फळच जाळीच्या मांडवावर किंवा अंगणात पसरून तीन-चार आठवडे वाळवतात आणि ते बोरासारखे सुरकुतून काळपट झाले की मग कांडून बी काढतात. या दुसऱ्या रीतीला ‘नॅचरल’ म्हणतात आणि तुमच्या पुड्यावर जो ‘नॅचरल’ शब्द आहे तो याच अर्थाचा आहे.

त्या तीन-चार आठवड्यांत बी गोड गरात लपेटलेली असते आणि त्या गरावर यीस्ट व जिवाणूंचे काम चालू असते. साखरेपासून थोडी मद्ये आणि आम्ले बनतात व त्यांच्या जुळणीतून एस्टर नावाचे पदार्थ तयार होतात. पिकलेल्या फळांचा जो गोडसर वास आपण ओळखतो, तो बहुतांशी एस्टरांचाच असतो. यातला काही अंश बीपर्यंत मुरतो आणि भट्टीतूनही थोडाफार तग धरतो. त्याला दाण्यातल्या मूळच्या सायट्रिक आणि मॅलिक आम्लाची, म्हणजे लिंबातल्या व सफरचंदातल्या आम्लाची, साथ मिळाली की नाकाला गोडसर फळ आणि जिभेला आंबटपणा अशी दुहेरी खूण एकदम पोहोचते आणि मेंदू तिला ‘बेरी’ म्हणतो. हेच वाळवणे बिघडले, म्हणजे थर जाड पडले किंवा वेळेवर उलथापालथ झाली नाही, तर त्याच मार्गाने शिरक्याचा आणि आंबूस कांद्याचा वास येतो. फळाचा वास आणि बिघाडाचा वास यांमध्ये फार मोठी भिंत नसते, आणि हे मी पोतीच्या पोती परत पाठवून शिकले आहे.

पुड्यावर शब्द कसे चढतात याविषयी लोकांची समजूत अशी असते की कोणीतरी जाहिरातवाला बसून ते सुचवत असतो. तसेही होते, नाकारत नाही. पण आमच्याकडे एका लॉटच्या बाबतीत काय झाले ते सांगते. चिकमगळूरच्या एका मळ्याची नॅचरल अरेबिका, एस. 795 जातीची, पावसाच्या तोंडावर आमच्याकडे आली होती. 100 ग्रॅमची चाचणी भाजणी केली. माझ्या भट्टीवर दाणा पहिल्यांदा तडतडतो तो साधारण 196 अंशांवर. प्रत्येक भट्टीचा तापमापक आपापल्या जागी बसवलेला असल्याने हा आकडा दुसऱ्याच्या भट्टीला लागू होईलच असे नाही. तडतड सुरू झाल्यावर दीड मिनिटाने, 207 अंशांवर, दाणे बाहेर काढून गार केले आणि एक रात्र ठेवले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पाच पेले मांडले. प्रत्येकात 8.25 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि 150 मिलिलिटर पाणी, उकळी येऊन किंचित थंडावलेले. हे प्रमाण माझे नाही, जगभर कॉफी चाखताना हेच धरतात, म्हणजे बेंगळुरूच्या माणसाचे आणि माझे बोलणे एकाच वस्तूविषयी होते. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने फोडायची, त्या क्षणी नाक पेल्यावर न्यायचे, मग फेस काढून टाकायचा आणि दहा-बारा मिनिटे नुसते थांबायचे. माणसे फार गरम कॉफी चाखतात आणि ती फक्त कडू लागते म्हणतात, पण फळाची खूण कोमट झाल्यावरच वर येते.

टेबलाशी आम्ही चौघे होतो आणि आमचा नियम असा आहे की आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचे, नंतर बोलायचे, नाहीतर पहिला जे म्हणेल तेच सगळ्यांना लागू लागते. माझ्या कागदावर ‘ब्लूबेरी’ होते. भट्टी सांभाळणारा आमच्या दुकानातला मुलगा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा, त्याने ‘नेरळे हण्णु’ लिहिले होते. हिशोब पाहणाऱ्या ताई तेलुगू घरातल्या, त्यांनी ‘नेरेडु’ लिहिले. सासूबाईंनी काहीच लिहिले नव्हते. त्या म्हणाल्या, “अगं, हे जांभूळ आहे, आणि तेही उन्हात चार दिवस पडलेलं.” कन्नडमधले नेरळे आणि तेलुगूमधले नेरेडु म्हणजेही जांभूळच. तीन भाषांतल्या तीन माणसांनी एकमेकांचे न पाहता एकच फळ ओळखले होते आणि चौथीने, म्हणजे मी, जन्मात दोनदा खाल्लेल्या परदेशी फळाचे नाव लिहिले होते, कारण मी ते चक्रावर वाचले होते.

ते चक्र म्हणजे चव ओळखण्यासाठी कॉफीच्या धंद्यात वापरतात तो रंगीत तक्ता. अमेरिकेतल्या स्पेशॅलिटी कॉफीच्या संघटनेने तो 1995 साली काढला आणि 2016 साली संशोधनाच्या आधारे पुन्हा रचला. त्यात बेरीच्या खणात ब्लॅकबेरी, रास्पबेरी, ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी आहेत, जांभूळ नाही. मात्र गंमत म्हणजे डाळिंब आहे, बेदाणा आहे आणि शेंगदाणाही आहे, म्हणजे आमच्या जिल्ह्याची अगदीच उपेक्षा झालेली नाही. या चक्राचा हेतू असा की लांबच्या दोन माणसांनी एका वासाला एकच नाव द्यावे. ते व्यापाऱ्यांचे आपसातले कामकाजाचे शब्द होते, ते उचलून थेट गिऱ्हाइकाच्या पुड्यावर छापले गेले आणि तिथे त्यांचा अर्थ बदलला. बिस्किटाच्या पुड्यावर ‘चॉकलेट’ लिहिलेले असते तेव्हा आत चॉकलेट असते, मग कॉफीच्या पुड्यावर लिहिले तर माणसाने वेगळे काय समजावे? यात चूक वाचणाऱ्याची नाही असे माझे स्पष्ट मत आहे. ‘चवीच्या खुणा’ असा एक छोटा शब्द वर छापला तरी निम्मा गोंधळ संपेल, पण बहुतेक जण जागा वाचवण्यासाठी तोच गाळतात.

त्या दिवशी बाजारातून पावशेर जांभळे आणून आम्ही पेल्याशेजारी ठेवली आणि आलटून पालटून चाखली. सारखेपणा पूर्ण नव्हता. जांभळाचा घसा धरणारा तुरटपणा कॉफीत नव्हता, पण वासाची ठेवण आणि गोड-आंबटाचा तोल जवळचा होता. मग पुड्यावर ‘सुकलेले जांभूळ, डार्क चॉकलेट’ असे छापले. त्याच लॉटचे थोडे दाणे 218 अंशांपर्यंत नेले, तेव्हा जांभूळ जवळजवळ नाहीसे झाले आणि चॉकलेट व गूळ पुढे आले. आणखी पुढे नेले असते तर धूर आणि कडवटपणाच उरला असता. पुढे त्याच मळ्याची, त्याच जातीची वॉश्ड कॉफी पहिल्यासारखीच 207 अंशांवर भाजली तर जांभळाचा मागमूस नव्हता, होते ते दाणे, कोको आणि हलके लिंबू. माती तीच, जात तीच, भट्टी तीच, फक्त फळ वाळवायचे की धुवायचे एवढ्यानेच फरक पडला. कोणी विचारले की ‘बेरी कुठून येते’, तर मी या दोन पेल्यांकडे बोट दाखवते.

आता ज्या कॉफीला खरोखरच वास लावलेला असतो तिच्याकडे वळते, कारण तीही बाजारात भरपूर आहे आणि तिला विकणारे काही गुन्हा करत नाहीत. तिची रीत अशी. दाणे नेहमीप्रमाणे भाजून गार करतात, मग फिरत्या पिंपात घालून त्यांच्यावर हेझलनट, व्हॅनिला, आयरिश क्रीम असा तयार वास फवारतात. वासाचा अर्क एखाद्या वाहक द्रवात, बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये, विरघळवलेला असतो आणि 100 किलो दाण्यांना साधारण 2 ते 3 किलो द्रव लागतो. पिंप अर्धा तास फिरले की तो दाण्यांत मुरतो. भाजण्याच्या आधी लावून उपयोग नसतो, कारण दोनशे अंशांवर तो सगळा उडून जाईल. पुष्कळदा या कामासाठी साधे दाणे वापरतात, कारण वरच्या वासापुढे दाण्याचा स्वतःचा वास कोणाला कळणारच नसतो.

ही कॉफी ओळखणे कठीण नाही. पुडा उघडताच एकच वास येतो, मोठा, सरळ, गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासारखा, आणि कप थंड झाला तरी तो जसाच्या तसा राहतो. जन्मजात खूण असलेली कॉफी तशी वागत नाही. ती गरम असताना एक सांगते, कोमट झाल्यावर दुसरे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटते की काल भास झाला होता. दुसरी खूण डोळ्यांची आहे. मध्यम तपकिरी दाणा कोरडा, मंद दिसायला हवा. तेल वर येते ते फार काळसर भाजलेल्या किंवा जुन्या झालेल्या दाण्यावर. मध्यम रंगाचा ताजा दाणा तेलकट चमकत असेल तर त्याच्यावर काहीतरी बसलेले आहे. तिसरी खूण दळणयंत्राची आहे आणि ती मला महाग पडली. एक ओळखीचे गृहस्थ ‘जरा दळून द्या’ म्हणून पाव किलो हेझलनट कॉफी घेऊन आले आणि मी भिडेखातर ती दळून दिली. पुढचे तीन आठवडे आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉफीला हेझलनटचा वास येत होता. पाती काढून पुसली, तांदूळ दळले, शिळी कॉफी दळून फेकली, तरी तो जाईना. शेवटी प्लास्टिकचे भाग बदलावे लागले. माझ्या जांभळाच्या खुणेने मात्र आजवर कुठल्याच यंत्राला वास लावलेला नाही, त्यानंतर लगेच दुसरी कॉफी दळली तरी तिच्यात तो उतरत नाही.

पुड्याची मागची बाजू वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. वस्तूचे नाव ‘रोस्टेड कॉफी’ आहे की ‘फ्लेवर्ड कॉफी’, हे पहिले. दुसरे घटक. आणि तिसरे म्हणजे ‘कंटेन्स ॲडेड फ्लेवर’ असे वाक्य आहे का, कारण एफएसएसएआयच्या नियमांनुसार वास घातला असेल तर ते सांगावे लागते. इथे ‘नॅचरल’ या शब्दाचा खरा सापळा आहे आणि तुमच्यासारखे चौकस वाचकच त्यात सापडतात. पुढे नुसते ‘नॅचरल’ किंवा ‘नॅचरल प्रोसेस’ असेल तर ती फळासकट वाळवलेली कॉफी. मागे घटकांत ‘नॅचरल फ्लेवर’ असेल तर वास बाहेरून घातला आहे, फक्त तो एखाद्या वनस्पतीसारख्या नैसर्गिक स्रोतापासून काढलेला आहे. पहिला शब्द वाळवण्याच्या रीतीचा आहे आणि दुसरा घातलेल्या वस्तूचा, म्हणून शब्द एक असूनही अर्थ उलट होतो. ‘नेचर आयडेंटिकल’ आणि ‘आर्टिफिशियल’ या शब्दांचाही अर्थ बाहेरून घातलेला वास एवढाच घ्यावा.

घटकांत ‘चिकोरी’ असेल तर ती वेगळी गोष्ट. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे मूळ भाजून केलेली पूड, ती वास नव्हे. तिच्या मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पुड्यावर छापावे लागते. चिकोरीनेही कॅरॅमलची, जळक्या गुळाची छटा येते, पण ती कॉफीची नसते. अशा पुड्यावर कोणी ‘कॅरॅमल नोट्स’ लिहिले तर मला ते जरासे चोरटे वाटते.

सुरुवातीला म्हटले होते तो अपवाद आता सांगते. काही मळ्यांवर फळे आंबवतानाच टाकीत अननस, स्ट्रॉबेरी, दालचिनी असे काही घालतात, किंवा कच्चे दाणे दारूच्या रिकाम्या पिंपात मुरत ठेवतात. हे सगळे भाजण्याच्या आधी घडते आणि पुढे तो वास दाण्याचाच भाग होऊन येतो. प्रामाणिक भाजणारा पुड्यावर ‘को-फर्मेंटेड’, ‘इन्फ्यूज्ड’ किंवा ‘बॅरल एज्ड’ असे लिहितो. काही जण मात्र लिहीत नाहीत, आणि मागच्या घटकांवरूनही ते कळत नाही. कपातली खूण मात्र बोलते. नुसत्या वाळवणीतून आलेले जांभूळ ‘हो, आहे खरे’ म्हणायला लावते, टाकीत घातलेली स्ट्रॉबेरी दार उघडण्याआधीच स्वागताला येते. पुड्यावर ‘स्ट्रॉबेरी योगर्ट’ असे ठसठशीत असेल आणि वासही तितकाच ठसठशीत असेल, तर विकणाऱ्याला ‘आंबवताना फळ घातले होते का’ असे सरळ विचारावे. खरे भाजणारे याचे उत्तर लगेच देतात, कारण लॉट विकत घेताना त्यांनीही मळेवाल्याला तोच प्रश्न विचारलेला असतो.

नातीविषयी. ‘नट्स’, ‘हेझलनट’ किंवा ‘शेंगदाणा’ ही चवीची खूण असेल आणि घटकांत फक्त कॉफी असेल, तर त्यात शेंगदाण्याचा कणही घातलेला नसतो, ते मघाचे पायराझीन आहेत. पण ॲलर्जीच्या बाबतीत मी खुणेवर नव्हे, मागच्या इशाऱ्याच्या ओळीवर विश्वास ठेवते. तिथे ‘शेंगदाणे किंवा सुकामेवा हाताळणाऱ्या जागी तयार केलेले’ अशा अर्थाचे काही लिहिले असेल, तर तो पुडा तिच्यासाठी आणू नये. वास लावलेली हेझलनट कॉफी आणायची असेल तर त्या अर्कात खरा मेवा आहे का हे बनवणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे, आणि ॲलर्जीचे काही लक्षण दिसले की प्रयोग न करता तिच्या डॉक्टरांना विचारावे.

आता दुधाचे. तुम्हाला ब्लूबेरी लागली नाही यात तुमच्या जिभेचा काही दोष नाही. दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश फळाचे सुगंधी पदार्थ धरून ठेवतात, आम्लाची धार बोथट करतात आणि वर साखर पडली की उरलीसुरली खूणही झाकली जाते. चॉकलेट आणि गूळ दुधात टिकतात, फळ टिकत नाही. म्हणून आमच्या दुकानात दूध-कॉफी पिणाऱ्यांना मी जांभळाचा पुडा विकतच नाही, चॉकलेटचा सुचवते आणि तो स्वस्तही पडतो. दुसरे कारण प्रमाणाचे आहे. काळ्या कॉफीच्या कपात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, सगळा विरघळलेला ऐवज दीड टक्क्याच्या आत, आणि त्यातही फळाची खूण म्हणजे एक कुजबूज.

ती ऐकायची असेल तर एकदा असे करून पाहा. कागदी गाळणी घ्या, 15 ग्रॅम कॉफी मध्यम दळा आणि 240 मिलिलिटर पाणी उकळी आल्यावर मिनिटभर थांबून तीन-चार टप्प्यांत ओता. सगळे मिळून तीन मिनिटांत गळून जावे. पाणी बोअरचे वापरू नका. आमच्या भागात बोअरचे पाणी जड असते आणि त्यातले क्षार कॉफीतली आम्ले मारून टाकतात. आम्ल गेले की ब्लूबेरी जाते आणि खडूसारखी सपाट चव उरते. मी स्वतः नळाच्या पाण्यात आरओचे पाणी निम्मे-निम्मे मिसळते, कारण नुसते आरओचे पाणीही कॉफी पातळ आणि कोरडी लावते. पहिला घोट गरम असताना घेऊ नका. कप बाजूला ठेवा, आठ-दहा मिनिटांनी घ्या आणि हलका सुर्र आवाज करत ओढा, म्हणजे वाफ नाकात चढेल. घरात जांभळे किंवा काळे बेदाणे असतील तर शेजारी ठेवा आणि आधी एक चावून बघा, नाकाला काय शोधायचे आहे ते कळते. हे करूनही काहीच लागले नाही तर पुड्यावरची भाजणीची तारीख पाहा. भाजल्यानंतर एक ते पाच आठवडे हा फळाच्या खुणेचा चांगला काळ. पुडा उघडून बाहेर ठेवलेला असेल तर सोलापूरच्या एप्रिलच्या उकाड्यात तो काळ निम्माच समजा, आणि तारीखच नसेल तर पुढच्या वेळी मुलाला ती असलेला पुडा पाठवायला सांगा.